२२८ शब्दांचा उतारा, ७६ शब्दांचा सारांश: एका उमेदवाराचे तीन खर्डे

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची जी अनिवार्य प्रश्नपत्रिका असते, ती ३०० गुणांची असून त्यांपैकी ६० गुण सारांशलेखनाला असतात. सूचना थोडक्यात असते: दिलेल्या उताऱ्याचा सारांश सुमारे एक तृतीयांश शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहावा, शीर्षक देऊ नये. ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती असल्यामुळे बहुतेक उमेदवार या प्रश्नाचा सराव करत नाहीत, आणि जे करतात ते शब्दसंख्या जमली की सारांश जमला असे समजतात. शब्दसंख्या अचूक असूनही उताऱ्याचा मुख्य युक्तिवाद पूर्णपणे उलटा झाल्याचे एक उदाहरण माझ्या सरावाच्या वर्गात घडले. तो सारांश कसा बिघडला आणि कसा दुरुस्त झाला, ते येथे खर्ड्यांसह मांडतो.

उमेदवार मुलगी सांगोल्याकडची, शेतकरी घरातली. घरी डाळिंबाची बाग आहे आणि ती ठिबकवर आहे. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरतो, कारण ज्या विषयाची आपल्याला घरातून माहिती असते, त्याचा सारांश लिहिताना आपण उतारा कमी आणि स्वतःची माहिती जास्त वाचतो. सरावासाठी मी स्वतः लिहिलेला उतारा असा होता:

"पाणीटंचाई असलेल्या भागात ठिबक सिंचन हा पाणी वाचवण्याचा हमखास उपाय मानला जातो. पाटाने पाणी दिले की त्यातले काही वाफ होऊन उडून जाते, काही मुळांच्या खाली झिरपते आणि काही बांधापलीकडे वाहून जाते. ठिबकने मात्र ते थेंबाथेंबाने मुळांपाशीच पोहोचते. त्यामुळे शासन या संचांना अनुदान देते आणि जितके क्षेत्र ठिबकखाली येईल तितके भूजल वाचेल, असे गृहीत धरले जाते.

हे गृहीतक शेतापुरते खरे आहे, गावापुरते ते खरे ठरतेच असे नाही. एका एकराला लागणारे पाणी कमी झाले की विहिरीत उरलेले पाणी शेतकरी तसेच ठेवत नाही. तो पूर्वी कोरडवाहू असलेला दुसरा एकर भिजवतो, किंवा ज्वारी-हरभऱ्याऐवजी ऊस, डाळिंब, केळी अशी जास्त पैसे देणारी आणि जास्त पाणी मागणारी पिके घेतो. त्याच्या दृष्टीने हा निर्णय शहाणपणाचाच असतो, कारण त्याने न उपसलेले पाणी शेजाऱ्याची विहीर उपसणारच असते. शिवाय पाटाच्या पाण्यातून जे जमिनीत झिरपत होते, ते सगळे वाया जात नव्हते, त्यातला काही भाग पुन्हा विहिरींनाच मिळत होता. ठिबकने ही परतफेडही कमी होते. परिणामी प्रत्येक शेतात पाण्याचा वापर काटकसरीचा होऊनही गावाचा एकूण उपसा तेवढाच राहू शकतो, वाढूही शकतो.

याचा अर्थ ठिबक सिंचन निरुपयोगी आहे असा नव्हे. तेवढ्याच पाण्यात अधिक उत्पन्न देणारे तंत्र म्हणून त्याचे मोल मोठे आहे. पण भूजल वाचवायचे असेल, तर एकूण उपशाला मर्यादा घालणारा सामूहिक निर्णय त्याच्या जोडीला हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी केली, उसासारखी पिके टाळली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून मगच पिके ठरवली. अशी मर्यादा आधी ठरली, तरच ठिबकने वाचलेले पाणी जमिनीत राहते; ती नसेल, तर वाचलेले पाणी फक्त दुसऱ्या पिकाकडे जाते."

उतारा २२८ शब्दांचा आहे: पहिला परिच्छेद ५५, दुसरा १०१ आणि तिसरा ७२ शब्दांचा. एक तृतीयांश म्हणजे ७६. तीन तासांत ३०० गुण सोडवायचे, तर ६० गुणांच्या वाट्याला ३६ मिनिटे येतात, म्हणून मी तिला तेवढाच वेळ दिला. तिने वीस मिनिटांतच वही पुढे केली. पहिला खर्डा असा होता:

"पाणीटंचाईच्या भागात ठिबक सिंचन हा पाणी वाचवण्याचा हमखास उपाय आहे. पाटाने दिलेले पाणी वाफ होऊन उडून जाते, झिरपते किंवा वाहून जाते. ठिबकने ते थेंबाथेंबाने मुळांपाशी पोहोचते. त्यामुळे शासन अनुदान देते आणि भूजल वाचते. उरलेल्या पाण्यावर शेतकरी दुसरा एकर भिजवतो किंवा ऊस, डाळिंब, केळी अशी जास्त पैसे देणारी पिके घेतो. तेवढ्याच पाण्यात अधिक उत्पन्न मिळत असल्याने ठिबकचे मोल मोठे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने बोअरवेलला बंदी केली, उसासारखी पिके टाळली आणि पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली."

शब्द ७५. भाषा शुद्ध, वाक्ये सुटसुटीत, अक्षर सुंदर. मी तिला काही न सांगता तो खर्डा तिच्याच खोलीत राहणाऱ्या मैत्रिणीला वाचायला दिला. मैत्रिणीने मूळ उतारा पाहिलेला नव्हता. "लेखकाला काय म्हणायचंय?" असे विचारल्यावर ती लगेच म्हणाली, "ठिबक चांगलं आहे, त्यानं पाणी वाचतं आणि शेतकऱ्याचा फायदा होतो. शेवटचं हिवरे बाजारचं कशाला आलंय, ते कळलं नाही." मैत्रिणीचे वाचन चुकले नव्हते, खर्ड्यात तेच लिहिलेले होते. उताऱ्याचा लेखक जे गृहीतक खोडतो, तेच या सारांशात त्याचे स्वतःचे मत झाले होते.

"सर, पण यातलं एकही वाक्य मी मनचं लिहिलेलं नाही," असे ती म्हणाली, आणि हे तिचे म्हणणे जवळजवळ खरे होते. या प्रकरणातील सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट मला हीच वाटते. वाक्य न् वाक्य उताऱ्यातून घेऊनही युक्तिवाद उलटा होऊ शकतो, कारण युक्तिवाद वाक्यांच्या आशयापेक्षा त्यांना जोडणाऱ्या आणि त्यांना वेसण घालणाऱ्या लहान शब्दांत राहतो. आणि शब्द कमी करायला बसलेला माणूस नेमके हेच शब्द आधी उडवतो, कारण ते उडवल्याने काहीच जात नाही असे त्याला वाटते.

आम्ही पेन्सिल घेऊन उतारा आणि खर्डा शेजारी ठेवले. उताऱ्यातील पहिले वाक्य "हमखास उपाय मानला जातो" असे आहे. खर्ड्यात ते "हमखास उपाय आहे" असे झाले. "मानला जातो" या दोन शब्दांच्या जागी "आहे" हा एक शब्द आला, म्हणजे एक शब्द वाचला; पण "मानला जातो" म्हणताना लेखक ते मत लोकांचे म्हणून बाजूला ठेवतो, आणि "आहे" म्हटले की ते मत त्याच्या पदरात पडते. मराठीत "मानले जाते", "समजले जाते", "असे गृहीत धरले जाते" अशी क्रियापदे परिच्छेदाच्या आरंभी दिसली की पुढे "पण", "मात्र" किंवा नकार येणार, असा अनुभवी वाचकाचा कयास असतो. चौथ्या वाक्यातही तेच झाले: "भूजल वाचेल, असे गृहीत धरले जाते" याचे "भूजल वाचते" झाले.

दुसरी जागा याहून सूक्ष्म आहे. दुसऱ्या परिच्छेदाचे पहिले वाक्य, "हे गृहीतक शेतापुरते खरे आहे, गावापुरते ते खरे ठरतेच असे नाही", हे संपूर्ण उताऱ्याचे बिजागर आहे. ते खर्ड्यात कोठेच नाही. का गाळलेस, असे विचारल्यावर तिने दिलेले कारण प्रामाणिक होते: त्या वाक्यात काही माहिती नव्हती. वाफ, झिरपणे, ऊस, बोअरवेल हे सारे डोळ्यांपुढे येते. "खरे ठरतेच असे नाही" हे डोळ्यांपुढे येत नाही. सारांश लिहिणारे बहुतेक जण माहिती असलेली वाक्ये राखतात आणि वळण देणारी वाक्ये गाळतात. परिणामी मागे जे उरते ते तपशिलांची मोळी असते, आणि ती बांधणारी दोरीच गेलेली असते.

तिसरी गोष्ट शब्दांच्या वाटपाची. पहिल्या परिच्छेदाने उताऱ्यातील ५५ शब्द, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा व्यापला आहे; तिच्या खर्ड्यात त्याच परिच्छेदाला ७५ पैकी ३३ शब्द मिळाले होते. सारांश लिहिणारा माणूस वरून खाली येतो, सुरुवातीला त्याच्याकडे शब्द भरपूर असतात, आणि शेवटी ते संपत आले की घाईने काटछाट होते. दुर्दैवाने विचारप्रधान उताऱ्यात लेखकाचे स्वतःचे म्हणणे बहुधा मध्यानंतरच येते, त्यामुळे कात्री नेमकी त्यावरच चालते. तिसऱ्या परिच्छेदातील "तर", "तरच", "नसेल, तर" ही सगळी अट गेली आणि हिवरे बाजारचे उदाहरण कशाचेच उदाहरण नसल्यासारखे लोंबकळत राहिले. मैत्रिणीला ते "कशाला आलंय" असे वाटले ते यामुळेच. शिवाय "शेतीसाठी बोअरवेल घेण्यास बंदी" याचे "बोअरवेलला बंदी" झाले. "शेतीसाठी" हा एक शब्द गाळल्याने गावाने पिण्याच्या पाण्याच्या बोअरवेललाही बंदी केली, असा अर्थ निघू लागला. उदाहरण संक्षेपात द्यायचे असेल, तर ते अर्धवट देण्यापेक्षा केवळ नावाने उल्लेखणे अधिक सुरक्षित असते.

या चर्चेनंतर तिने दुसरा खर्डा लिहिला:

"ठिबक सिंचनाने पाणी वाचत नाही. उरलेले पाणी शेतकरी दुसऱ्या एकराला किंवा जास्त पाणी पिणाऱ्या पिकांना देतो, कारण त्याला स्वतःच्या फायद्यापुढे गावाची पर्वा नसते. झिरपणारे पाणीही विहिरींना मिळेनासे होते. त्यामुळे गावाचा उपसा वाढतो आणि शासनाचे अनुदान वाया जाते. ठिबकऐवजी हिवरे बाजारप्रमाणे सामूहिक निर्णय घेऊन उपशाला मर्यादा घातली पाहिजे. प्रत्येक गावाने असे केले तर महाराष्ट्र दुष्काळमुक्त होईल."

आता वळण आले होते, पण लंबक दुसऱ्या टोकाला गेला होता. "खरे ठरतेच असे नाही" याचे "वाचत नाही" झाले. मराठीत "वाचते", "वाचतेच असे नाही" आणि "वाचत नाही" या तीन वेगवेगळ्या विधानांतला फरक "-च असे नाही" एवढ्या टीचभर जागेत मावतो. पहिले होकार देते, तिसरे नकार देते, आणि मधले केवळ हमी काढून घेते. उताऱ्याचा सारा युक्तिवाद त्या मधल्या विधानावर उभा आहे. त्याचप्रमाणे "तेवढाच राहू शकतो, वाढूही शकतो" याचे "वाढतो" झाले, आणि "परतफेडही कमी होते" याचे "मिळेनासे होते" झाले. लेखकाने जेथे जेथे शक्यता म्हणून सांगितले होते, तेथे तेथे निश्चिती आली. शक्यतेचे निश्चितीत रूपांतर करणे ही संक्षेपातील सर्वांत स्वस्त बचत आहे: "शकतो" गाळला की एक शब्द वाचतो आणि वाक्य ठसठशीत वाटू लागते.

"पर्वा नसते" हे मात्र उताऱ्यात कोठेही नाही. ते कोठून आले, असे विचारल्यावर ती थोडी थांबली आणि मग म्हणाली, "आमच्या शेजारच्यांनी तीन बोअर घेतल्या, सर. आमची विहीर जानेवारीतच तळाला जाते." तिचे दुःख खरे आहे आणि ते मी नम्रपणे ऐकले. परंतु उताऱ्यातील कारण वेगळे आहे. लेखक शेतकऱ्याला दोष देत नाही; उलट त्याचा निर्णय "शहाणपणाचाच" म्हणतो, कारण एकट्याने पाणी सोडून दिले तर ते शेजाऱ्याकडे जाणार. येथे कारण बदलले की उपायही बदलतो. शेतकरी बेपर्वा असेल, तर उपाय त्याला समजावण्याचा. शेतकरी शहाणा असूनही एकट्याने काही साधत नसेल, तर उपाय सर्वांनी मिळून मर्यादा घालण्याचा. लेखक सामूहिक निर्णयापर्यंत या दुसऱ्या वाटेने पोहोचतो. कारण चुकीचे लिहिल्यामुळे तिच्या खर्ड्यात निष्कर्ष बरोबर असूनही तो कारणातून निघत नव्हता.

"ठिबकऐवजी" या एका शब्दाने "त्याच्या जोडीला" ही कल्पना पुसली, आणि "महाराष्ट्र दुष्काळमुक्त होईल" ही शेवटची भर निबंधाच्या सवयीतून आली. सारांशात लेखकाने न काढलेला निष्कर्ष काढायचा नसतो, मग तो कितीही चांगला असो. या खर्ड्याचे शब्द किती, हे तिने मोजलेच नव्हते. मी मोजून दाखवले: ५५. म्हणजे २१ शब्द शिल्लक होते. जी कबुली तिने जागा नाही म्हणून गाळली असे ती सांगत होती, ती "याचा अर्थ ठिबक सिंचन निरुपयोगी आहे असा नव्हे" ही कबुली पूर्ण वाक्यानिशी घातली असती तरी त्या २१ शब्दांत मावली असती.

तिसऱ्या वेळी आम्ही लगेच लिहायला सुरुवात केली नाही. प्रथम उताऱ्याच्या समासात प्रत्येक वाक्यासमोर ते वाक्य काय सांगते हे न लिहिता, ते काय काम करते हे एका शब्दात लिहिले. पहिला परिच्छेद: प्रचलित मत, त्याचे कारण, त्यातून आलेले धोरण. दुसरा: वळण, पहिले कारण, त्याचे उदाहरण, त्या कारणामागचे कारण, दुसरे कारण, परिणाम. तिसरा: कबुली, तिचा आधार, उपाय, उपायाचे उदाहरण, अट. ही यादी करायला पाच मिनिटे लागली. तिने स्वतःच लक्षात आणून दिले की "पूर्वी कोरडवाहू असलेला दुसरा एकर" आणि "ऊस, डाळिंब, केळी" ही एकाच कामाची दोन रूपे आहेत, म्हणून त्यांना मिळून थोडेच शब्द पुरतील; आणि "वळण" व "अट" या कामांची वाक्ये एकेकटीच आहेत, म्हणून ती गाळली तर ते काम करणारे दुसरे कोणीच उरत नाही.

त्यानंतर उतारा पालथा घालून तिने एका वाक्यात कणा लिहिला: "ठिबकने शेतातले पाणी वाचते, पण एकूण उपशावर सामूहिक मर्यादा असेल तरच गावाचे भूजल वाचते." हे १४ शब्द झाले. उतारा पालथा घालणे यासाठी आवश्यक असते की, तो समोर असताना डोळा वाक्ये उचलतो. समोर नसताना मनाला विचार उचलावा लागतो. सूचनेतील "स्वतःच्या भाषेत" या शब्दांचे पालनही त्यामुळे आपोआप होते. शब्दांना पर्याय शोधत बसले की "भूजल" याला "भूगर्भातील पाणी" असा लांब पर्याय येतो, आणि भाषा स्वतःची न होता केवळ शब्दसंख्या वाढते. "भूजल", "उपसा", "ठिबक" हे विषयाचे नेमके शब्द तसेच ठेवावेत; बदलायची असते ती वाक्याची बांधणी.

या बांधणीत मराठी फार मदत करते. उताऱ्यात "पाटाच्या पाण्यातून जे जमिनीत झिरपत होते, ते सगळे वाया जात नव्हते, त्यातला काही भाग पुन्हा विहिरींनाच मिळत होता. ठिबकने ही परतफेडही कमी होते" या वाक्यांना, आधीच्या "शिवाय"सह, २४ शब्द लागतात. "जे… ते" ही जोडी मोडून कृदन्त केले आणि "त्यातला काही भाग पुन्हा विहिरींना मिळणे" याला "पुनर्भरण" हा रुळलेला शब्द घेतला, की "शिवाय पाटपाण्याच्या पाझरातून विहिरींचे होणारे पुनर्भरणही घटते" असे सात शब्दांत काम होते. यातला "घटते" हा शब्द तिने आधी "थांबते" असा लिहिला होता. उताऱ्यात "काही भाग" आणि "कमी होते" असे आहे. "घटते" म्हटले की ती मर्यादा क्रियापदातच सांभाळली जाते आणि "काही प्रमाणात" असे वेगळे शब्द खर्चावे लागत नाहीत. त्याचप्रमाणे "ज्वारी-हरभऱ्याऐवजी ऊस, डाळिंब, केळी अशी जास्त पैसे देणारी आणि जास्त पाणी मागणारी पिके घेतो" या १४ शब्दांचे "नगदी बागायती पिकांकडे वळतो" असे चार झाले. येथे दोन्ही विशेषणे हवीत. केवळ "नगदी" म्हटले तर शेतकरी का वळतो हे कळते, पण पाणी का संपते हे कळत नाही; केवळ "बागायती" म्हटले तर त्याच्या उलट होते.

शब्द मोजण्याविषयी एक खुलासा येथेच करतो, कारण तो दर वेळी विचारला जातो. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहायची असल्यामुळे "ठिबकऐवजी", "बाजारप्रमाणे", "शेतापुरते" हे प्रत्येकी एकच शब्द धरले जातात. ते तोडून लिहिले तर शुद्धलेखन बिघडते आणि शब्दसंख्याही फुगते. रुळलेले समास वापरायला हरकत नाही. पण शब्द वाचवण्यासाठी तीन-चार शब्दांचा घडवलेला समास वाचकाला अडखळवतो, आणि त्याने काही साधत नाही. सूचनेत "सुमारे" असते, म्हणून दोन-चार शब्द इकडे-तिकडे झाले तर सारांश बिघडत नाही. आम्ही मात्र सरावापुरते अचूक ७६ वर आणायचे ठरवले, कारण शेवटचे चार शब्द काढताना कोणता शब्द किती काम करतो ते नीट दिसते.

तिसरा खर्डा असा झाला:

"ठिबक सिंचनाने पाण्याची नासाडी टळत असल्याने भूजल वाचेल, असे मानून शासन त्याला अनुदान देते. शेतापुरते हे खरे असले, तरी गावाला लागू पडतेच असे नाही. शिल्लक पाणी आपण सोडले तरी शेजारी उपसणार, हे जाणून शेतकरी लागवड वाढवतो किंवा नगदी बागायती पिकांकडे वळतो; शिवाय पाटपाण्याच्या पाझरातून विहिरींचे होणारे पुनर्भरणही घटते. म्हणून एकूण उपसा कायम राहू शकतो, वाढूही शकतो. तेवढ्याच पाण्यात अधिक उत्पन्न देणारे ठिबक मोलाचेच आहे. परंतु हिवरे बाजारप्रमाणे गावाने उपशावर आधी मर्यादा घातली, तरच त्यातून भूजल वाचते."

शब्द ७६. पहिल्या परिच्छेदाला आता १४ शब्द मिळाले आहेत, आणि "असे मानून" या दोन शब्दांनी ते मत शासनाच्या नावावर राहिले आहे. वाफ, झिरपणे आणि वाहून जाणे हे तिन्ही "नासाडी" या एका शब्दात आले. येथे एक अडचण मला मान्य करावी लागते. उतारा पुढे म्हणतो की झिरपलेले सगळे पाणी वाया जात नव्हते, आणि आपण तर सुरुवातीलाच त्याला नासाडी म्हटले. परंतु ते वाक्य "असे मानून" याच्या कक्षेत आहे. नासाडी म्हणणारे प्रचलित मत आहे, आणि "पुनर्भरणही घटते" हे लेखकाचे उत्तर आहे. वाक्यातून "असे मानून" काढले, तर मात्र हा विरोध खरोखरच उघडा पडेल.

हिवरे बाजारचा ताळेबंद, बोअरवेलवरील बंदी आणि उसाविषयीचा निर्णय हे सारे तपशील गेले. याचे तिला वाईट वाटले, आणि तिची हळहळ मला समजते, कारण उताऱ्यातला सर्वांत जिवंत भाग तोच आहे. पण ते तपशील मर्यादा कशी घालावी हे दाखवतात. मर्यादा का हवी, हा युक्तिवाद त्यांच्यावाचून उभा राहतो. उदाहरण पूर्ण गाळावे का, हा प्रश्न आम्ही बराच वेळ चर्चिला. नाव काढले असते तर दोन शब्द वाचले असते, पण मग गावाने अशी मर्यादा घालणे प्रत्यक्षात घडलेले आहे, हे वाचकाला कळले नसते आणि उपाय केवळ कल्पना वाटला असता. म्हणून नाव ठेवले. उताऱ्याचा विषय हिवरे बाजारची वाटचाल हाच असता, तर निर्णय अर्थातच वेगळा झाला असता.

खर्डा पुन्हा त्याच मैत्रिणीला दिला नाही, कारण तिला आता विषय ठाऊक झाला होता. वर्गातल्या दुसऱ्या एका मुलाला तो वाचायला देऊन तीन प्रश्न विचारले: लेखक कोणते मत खोडतो, का खोडतो, आणि शेवटी काय हवे म्हणतो? त्याने तिन्हींची उत्तरे दिली. लेखक ठिबकच्या विरोधात आहे का, या चौथ्या प्रश्नाला तो म्हणाला, "नाही, फक्त ठिबकवर भागणार नाही म्हणतोय." मग त्याने एक शंका काढली: शेवटच्या वाक्यातला "आधी" हा शब्द कशाला? तो काढला तरी वाक्य चालते.

तिने उतारा पुन्हा उलगडला आणि "अशी मर्यादा आधी ठरली, तरच" यावर बोट ठेवले. ठिबक आल्यानंतर मर्यादा घालायची म्हटले, तर तोवर वाचलेल्या पाण्यावर नवी डाळिंबाची बाग उभी राहिलेली असते, आणि लावलेली बाग कोणी उपटत नाही, असे तिने त्याला समजावून सांगितले. बागेविषयीचे तिचे हे शब्द उताऱ्यात नव्हते आणि सारांशातही ते आले नाहीत. "आधी" हा शब्द मात्र तिने तसाच ठेवला.